जोडी गावांची, दिशा घड्याळाची

कराडच्या आमच्या गोदामातून किराणा माल सांगली जिल्ह्यात जातो. गाड्या म्हणजे छोटे हत्ती. पूर्वी इस्लामपूर, पलूस आणि विटा या तिन्ही गावांना वेगवेगळी गाडी निघायची. जाऊन-येऊन इस्लामपूरचे साधारण 64 किलोमीटर, पलूस आणि विट्याचे प्रत्येकी 84. दिवसाचे एकूण 232.

मार्ग आखताना आता आम्ही क्लार्क आणि राइट यांनी 1964 मध्ये मांडलेली बचतीची रीत वापरतो. दोन गावे एकाच फेरीत घेतली, तर पहिल्या गावाहून रिकामे परतणे आणि दुसऱ्याकडे गोदामातून नव्याने जाणे वाचते. वाढतो तो फक्त त्या दोन गावांमधला रस्ता. पलूस आणि विट्यामध्ये सुमारे 26 किलोमीटर अंतर आहे, म्हणून बचत 42 अधिक 42 वजा 26, म्हणजे 58. इस्लामपूर-पलूस जोडीत ती 48 येते, इस्लामपूर-विट्यात जेमतेम 28. सर्वांत मोठी बचत आधी घ्यायची, म्हणून पलूस-विटा ही जोडी ठरते.

मग तिन्ही गावे एकाच फेरीत का नाहीत? अंतर 126 वर येते खरे, पण गाडी साधारण साडेसातशे किलो पेलते. पलूसचा माल 250 किलो, विट्याचा 350. त्यावर इस्लामपूरचा 450 चढवता येत नाही. म्हणून इस्लामपूरची गाडी वेगळी. दोन गाड्या मिळून 174 किलोमीटर धावतात. लिटरला सोळा धरले तर रोजचे साडेतीन लिटरहून जास्त डिझेल वाचते.

डिझेल जोडीने वाचते, वेळ मात्र दिशेने सांभाळावी लागते. गोल तोच, पण आधी पलूस की आधी विटा? विट्याचे दुकानदार दुपारी एकला शटर ओढतात, पलूसचे दोनपर्यंत माल उतरवून घेतात. एरवी पलूसहून गेले तरी विटा बाराच्या सुमारास गाठता येते. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कुंडलच्या क्रांती कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळते आणि तो हिशेब कोसळतो. हंगामात म्हणून आधी विटा.

हा बदल आदल्या रात्रीच ठरवावा लागतो. जो माल शेवटी उतरायचा तो आधी, केबिनकडे चढवायचा असतो. सकाळी दिशा फिरवली, तर विट्याच्या दुकानासमोर पलूसची पोती रस्त्यावर उतरवावी लागतात आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो.

पोहोचण्याच्या वेळा ठरवायला नकाशावरची मिनिटे पुरत नाहीत. चालक प्रत्येक दुकानी पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ चलनामागे लिहितो. एखाद्या थांब्यावर गाडी कधीतरी उशिरा आली, तर रस्त्यात काहीतरी अडले असेल. रोज तेवढाच उशीर होत असेल, तर आमच्या तक्त्यातली वेळ चुकीची आहे. अशा वेळी चालकाला घाई करायला न सांगता आम्ही तक्ता दुरुस्त करतो.