तेच दृश्य, पुन्हा पुन्हा

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच ॲलिसन होलमन, डॅना रोझ गार्फिन आणि रॉक्सेन कोहेन सिल्व्हर या संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक अमेरिकनांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. नको असताना दृश्ये आठवणे, दचकणे, मन बधिर होणे, अशी ही लक्षणे.

मुळात चिंता करणारी माणसेच जास्त बातम्या पाहत असतील, ही शंका रास्त आहे. याच गटाच्या पुढच्या काही वर्षांच्या अभ्यासात दोन्ही बाजू दिसल्या. बातम्यांनी धास्ती वाढते आणि धास्तावलेला माणूस पुढच्या दुर्घटनेच्या वेळी आणखी बातम्या पाहतो. माझ्या मते खरी अडचण याच चक्रात आहे.

धोक्याचे दृश्य पडद्यावरचे असले तरी शरीर सावध होते. काही सेकंदांत ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, जबडा आणि मान आवळली जाते. कॉर्टिसॉल मात्र सावकाश चढते. त्याची पातळी साधारण वीस-तीस मिनिटांनी सर्वांत वर जाते आणि उतरायला आणखी वेळ लागतो. रात्री दहाला स्फोटाचा व्हिडिओ पाहिला, सव्वादहाला ‘काही नवीन आले का’ म्हणून फोन उघडला, साडेदहाला पुन्हा, असे झाले तर शरीराला शांत व्हायला सवडच मिळत नाही. अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही, तो यामुळेच.

म्हणून बातम्या सोडायची गरज नाही. तोडायची ती पुनरावृत्ती. सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन ठरलेल्या वेळा, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटे, पुरेशा असतात. शक्यतो मजकूर वाचावा, आणि व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. बातम्यांची नोटिफिकेशन्सही बंद ठेवावीत. पण पूर, वादळ आपल्याच भागात असेल तर प्रशासनाचे इशारे चालू हवेतच. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. मधेच हात फोनकडे गेला तर स्वतःला विचारावे, ‘मघापेक्षा वेगळे काय कळणार आहे?’ बहुतेक वेळा उत्तर ‘काहीच नाही’ असते. पहिले काही दिवस बेचैनी वाढल्यासारखी वाटेल. सवय मोडताना तसे होतेच.

एवढे करूनही झोपमोड, दचकणे, छातीतली धडधड महिनाभर टिकली, तर डॉक्टरांना भेटा. छातीत दुखत असेल तर मात्र थांबू नका, लगेच जा. मनावरचा ताण कुणाशी बोलायचा असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.