पदयात्रेतील नामघोष
दीर्घ पल्ल्याच्या पायी यात्रेत यात्रेकरू चालता चालता पावलांच्या गतीशी जुळवून जे लहान प्रार्थनावाक्य वा नाम पुनःपुन्हा उच्चारतात, त्यास पदयात्रेतील नामघोष म्हणता येईल. स्तोत्र, आरती वा अभंग यांहून तो वेगळा आहे. त्याला कडवी नसतात, अर्थाचा विस्तार नसतो आणि शेवट हा त्याच्या आरंभाला जोडलेला असतो. पंढरीच्या वारीतील ‘ज्ञानबा-तुकाराम’, शबरीमलैच्या वाटेवरील ‘स्वामिये शरणम् अय्यप्पा’, जपानमधील शिकोकू बेटाच्या परिक्रमेतील ‘नामु दाइशी हेन्जो कोंगो’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. या घोषांचे धर्मसंदर्भ परस्परांहून भिन्न आहेत. तथापि त्यांच्या घडणीत जे साम्य आढळते ते बव्हंशी मानवी चालीतून आणि श्वासातून आलेले आहे.

सपाट रस्त्यावर सहज चालणारा मनुष्य मिनिटास सु. १०० ते १२० पावले टाकतो. ओझे घेऊन किंवा चढावर चालताना श्वास मिनिटास २५ ते ३० पर्यंत वाढतो, म्हणजे एका पूर्ण श्वासचक्रात चार-पाच पावले पडतात. निवांत चालीत हीच संख्या सहा-सातपर्यंत जाते. उच्चार हा श्वास सोडतानाच होत असल्याने घोषाला यांतील काहीच पावले मिळतात व उरलेली श्वास घेण्यासाठी मोकळी ठेवावी लागतात. यामुळे चार पावलांत बसणारे वाक्य चालणाऱ्यास सर्वांत सोयीचे पडते. त्याहून लांब वाक्य असेल, तर ते मध्येच तोडावे लागते किंवा दोघांत वाटून घ्यावे लागते. चालण्याची गती आपल्या शक्तीबाहेर गेली आहे की नाही, हे ओळखण्याची खूणही यातच आहे. एरवी एका दमात पुरा होणारा घोष मध्ये श्वास घेतल्याशिवाय म्हणता येईनासा झाला, की गती कमी करणे इष्ट ठरते. वयस्क यात्रेकरूंच्या बाबतीत ही खूण विशेष उपयोगी पडते.

वारकरी संप्रदायातील ‘ज्ञानबा-तुकाराम’ या घोषाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बोलण्यात ‘ज्ञान’ आणि ‘राम’ यांतील अंत्य अकार लोप पावतो. त्यामुळे ज्ञान, बा, तुका, राम असे चार जवळजवळ समान तुकडे पडतात व प्रत्येक तुकडा एका पावलावर येतो. टाळाचा ठोका आणि पाऊल एकत्र पडत असल्याने नवख्या माणसालाही ही मांडणी शिकवावी लागत नाही. ‘ज्ञानोबा-माउली-तुकाराम’ असे म्हटले, की पहिल्या दोन पावलांवर प्रत्येकी तीन अक्षरे येतात. म्हणून हे रूप सावकाश चालीत अधिक सुखाचे वाटते. ‘जय जय राम कृष्ण हरि’ यातही जयजय, राम, कृष्ण, हरि अशी चार पावले भरतात. ‘विठ्ठल’ या नामाचे ‘विठ्’ व ‘ठल’ असे दोनच भाग पडतात. त्यामुळे ते डाव्या आणि उजव्या पायांत वाटले जाते आणि गती वाढवताना त्याचा फार उपयोग होतो.

या जोडनामाला इतिहासही आहे. तुकारामांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ च्या सुमारास ज्ञानेश्वर व तुकाराम या दोघांच्या पादुका एका पालखीत ठेवून वारी नेण्याचा प्रघात पाडला, असे परंपरा मानते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीची स्वतंत्र व्यवस्था लावली. पालख्या वेगळ्या झाल्या, त्यांचे मार्गही निराळे झाले. परंतु चार पावलांत बसलेले नाव मात्र फुटले नाही.

घोषाच्या संख्येचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. दिंडीत दाटीमुळे पाऊल आखूड पडते; ते ६० सेंमी. धरले, तर एका किलोमीटरला सु. १,६७० पावले होतात. चार पावलांस एक याप्रमाणे किलोमीटरला सु. ४१५ घोष आणि १५ किमी. च्या मजलेत सहा हजारांवर घोष भरतील. प्रत्यक्षात ही संख्या बरीच कमी असते, कारण दिंडीतील भजनाला क्रम असतो. वेळेनुसार ठरलेले अभंग, हरिपाठ, गौळणी चालू असतात आणि नामघोष त्यांच्या मधल्या जागा भरतो. अभंगाच्या वेळी चाल मंदावते व घोषाच्या वेळी ती पुन्हा सावरली जाते. वीणेकरी, मृदंगवादक आणि टाळकरी यांची जागा दिंडीत ठरलेली असते, ती केवळ मानाची बाब नाही. ठेका कोणाकडून घ्यावयाचा, हे त्यामुळे निश्चित होते.

संपूर्ण सोहळा एकाच ठेक्यावर का चालत नाही, याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. हवेत ध्वनी सेकंदास सु. ३४० मी. जातो. मृदंगापासून १०० मी. मागे चालणाऱ्यास ठोका सु. ०·३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटास ११० पावलांच्या चालीत एका पावलाला सु. ०·५५ सेकंद लागतात. म्हणजे तेवढ्या अंतरावरील माणूस ऐकलेल्या ठोक्याप्रमाणे चालला, तर तो पुढच्यांच्या अर्धे पाऊल मागे पडेल. पुढल्या रांगेचे पाऊल जमिनीवर टेकत असताना मागल्यांचे पाऊल अधांतरी दिसेल. लांबलचक लष्करी रांगांतही हाच दोष दिसून येतो. प्रत्येक दिंडीने आपला मृदंग आणि आपले टाळ बाळगावेत, ही व्यवस्था म्हणूनच अपरिहार्य ठरते. दोन दिंड्यांचे ठेके रस्त्यावर एकमेकांत मिसळले, तर दोन्हींची चाल बिघडते. अशा वेळी दिंडीचे लोक आपल्या विण्याकडे व मृदंगाकडे लक्ष ठेवून पाऊल पुन्हा जुळवतात.

ज्ञानेश्वरांच्या पालखीमार्गावर पुणे-सासवड या टप्प्यात दिवे घाट लागतो. सपाटीवर चार पावलांचा घोष एका दमात होतो, परंतु घाटात श्वास जलद होऊन तो तुटू लागतो. यावरचा सर्वसामान्य उपाय म्हणजे घोष वाटून घेणे. एकाने अर्धे म्हणावयाचे व इतरांनी उरलेले, अशी रीत केली, की प्रत्येकास आपली पाळी नसताना श्वास घेता येतो.

केरळमधील शबरीमलैच्या यात्रेत ही वाटणी घोषाच्या अंगातच मुरलेली आहे. एरुमेळीहून पंपेकडे जाणारी जुनी जंगलवाट लांब व चढउताराची आहे आणि पंपेपासून पुढे नीलिमलैचा खडा चढ येतो. यात्रेकरूच्या डोक्यावर ‘इरुमुडि’ ही दोन कप्प्यांची पोटली असते, त्यामुळे मान वाकवून दम घेणेही अवघड जाते. एकजण ‘स्वामिये’ म्हणतो, बाकीचे ‘अय्यप्पो’ म्हणून उत्तर देतात. नंतर शब्द उलटे होतात. ‘स्वामिये शरणम् अय्यप्पा’ या पूर्ण वाक्यात नऊ अक्षरे आहेत आणि ते चढावर एका दमात म्हणणे सर्वांस जमत नाही, परंतु तीन अक्षरांचा तुकडा जमतो. तमिळ यात्रेकरूंमध्ये दगड आणि काटे हीच पायांची गादी, अशा अर्थाचा एक घोषही रूढ आहे. वाटेच्या अवघडपणाचा उल्लेख प्रार्थनेतच व्हावा, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

जपानमधील पर्वतयात्रांत ‘रोक्कोन शोजो’ हा घोष आढळतो. डोळे, कान, नाक, जीभ, शरीर व मन ही सहा इंद्रियमुळे शुद्ध होवोत, असा त्याचा अर्थ. जपानी मोजणीप्रमाणे त्यात आठ मात्रा असून त्यांचे दोन-दोनचे चार गट पडतात; चढावर एका पावलाला एक गट याप्रमाणे तो म्हणता येतो. फूजी पर्वतावर याला जोडून पर्वतावरील हवा निरभ्र असल्याचा घोष करण्याची रीत होती. जड वस्तू उचलताना वा बसताना जपानी माणसाच्या तोंडून सहज निघणारा ‘दोक्कोइशो’ हा उद्‌गार याच घोषाचा अपभ्रंश होय, असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती मात्र विवाद्य आहे.

शिकोकूची परिक्रमा ८८ मंदिरांची व सु. १,२०० किमी. लांबीची असून पायी ती पुरी करण्यास साधारणतः सहा-सात आठवडे लागतात. शिंगोन पंथाचा संस्थापक कूकाई (७७४–८३५), म्हणजेच कोबो दाइशी, याला वंदन करणारा ‘नामु दाइशी हेन्जो कोंगो’ हा तिचा घोष. तो मुख्यतः मंदिरातील पाठाच्या शेवटी म्हणतात, पण वाटेवरही त्याचे आवर्तन होते. त्याच्या मात्रा तेरा, म्हणजे चारांच्या हिशेबाला गैरसोयीच्या; परंतु लिहिताना त्यात आठ चिन्हे येतात व त्यांच्या चार जोड्या चार पावलांवर बसवता येतात. येथे मृदंगाचे काम हातातील काठी करते. काठी दर दुसऱ्या पावलाला जमिनीवर पडते आणि तिला बांधलेली लहान घंटा ठेका देते. ही काठी म्हणजे प्रत्यक्ष दाइशीच होत, अशी श्रद्धा असल्याने यात्रेकरू एकटा असला, तरी दोघे चालत आहेत असे मानले जाते. पुलावर मात्र काठी टेकत नाहीत. दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते, तेव्हा त्यांची झोपमोड होऊ नये, हे त्याचे पारंपरिक कारण. त्यामुळे प्रत्येक पुलावर ठेका थांबतो व यात्रेकरूस पाऊल स्वतःच्याच अंदाजाने टाकावे लागते.

रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेतील येशूनामाची प्रार्थना याहून निराळ्या दिशेने गेलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कझान येथे छापल्या गेलेल्या एका अनामिक यात्रेकरूच्या कथनात तिचे वर्णन आहे. गुरू त्याला प्रथम एका जागी राहून दिवसास तीन हजार, नंतर सहा व पुढे बारा हजार आवर्तने माळेवर मोजून करावयास सांगतो. त्यानंतर तो वाटचालीस लागतो. कधीकधी दिवसाला ७० व्हर्स्ट, म्हणजे सु. ७५ किमी. चालल्याचे तो सांगतो. पुढे तो हृदयाच्या एकेका ठोक्याशी एकेक शब्द जुळवतो आणि श्वास घेताना अर्धी व सोडताना अर्धी प्रार्थना करू लागतो. येथे पाऊल हे प्रार्थनेचे माप राहत नाही, म्हणून चालणे थांबले तरी ती थांबत नाही. वारीच्या घोषात याच्या उलट, मुक्काम आला की टाळ उतरतात.

अशा आवर्तनांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २००१ मध्ये इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात लॅटिन जपमाळेची प्रार्थना व ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटास सहाच्या आसपास उतरल्याचे आढळले. लॅटिन प्रार्थना तेथेही पुरोहित व इतर यांत अर्धी-अर्धी वाटलेली असते, हे लक्षणीय आहे. तथापि ही मोजमापे विश्रांत अवस्थेतील होती. चालणाऱ्यास प्राणवायूची गरज कितीतरी अधिक असल्यामुळे त्याचा श्वास इतका खाली येऊ शकत नाही आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष दिंडीतील टाळकऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाहीत.