लांब धड, आखूड पाय : कपड्यातली कंबर कुठे असावी?

दोन बायकांची उंची अगदी सारखी, पाच फूट दोन इंच असली, तरी एकाच मापाचा ड्रेस दोघींना सारखा बसेलच असे नाही. एकीची उंची पायांत असते, दुसरीची धडात. दुसरीला खुर्चीवर बसलेले पाहिले तर ती उंच वाटते आणि उभी राहिली की अपेक्षेपेक्षा ठेंगणी दिसते. तिला पँट कायम खालून कापून घ्यावी लागते, टॉप मात्र हात वर केला की कमरेवर चढतो. ही शरीराची एक साधी ठेवण आहे आणि ती वजनावर अवलंबून नाही. बारीक मुलीचे धड लांब असू शकते, तसेच अंगाने भरलेल्या बाईचेही.

अशा बांध्यावर कपडा शोभतो की नाही, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते : पाहणाऱ्याला कंबर कुठे दिसते. पाय नेमके कुठून सुरू होतात हे कपड्याआडून कळत नाही. शिवण, पट्टा, टॉपची कड किंवा रंगातला बदल जिथे येतो तिथून खालचा भाग पाय म्हणून धरला जातो. ती रेघ दोन इंच वर गेली की धड दोन इंचांनी कमी आणि पाय दोन इंचांनी जास्त दिसतात. टॉपची लांबी, रंग, पट्टा, कट यांची निवड ही रेघ ठरल्यानंतरची.

त्यासाठी आधी आपली खरी कंबर माहीत हवी. सरळ उभे राहून एका बाजूला वाकले की जिथे अंगाला घडी पडते ती नैसर्गिक कंबर. बहुतेकींची ती बेंबीच्या थोडी वर असते, पँटचा पट्टा बसतो तिथे नसते. त्या जागी एक नाडी सैलसर बांधावी आणि मान खाली वाकवल्यावर मानेच्या मागे जे हाड वर येते तिथपासून नाडीपर्यंत कुणाकडून तरी माप घ्यावे. शिवणकामात हे माप साधारणपणे उंचीच्या चौथ्या भागाइतके धरतात. पाच फूट दोन इंच म्हणजे 62 इंच उंचीला ते साडेपंधरा इंच येते. प्रत्यक्षात साडेसोळा किंवा सतरा भरले, तर धड लांब आहे हे नक्की. नाडी सोडण्यापूर्वी आणखी एक माप घ्यावे : खांद्यापासून छातीच्या सर्वांत पुढच्या बिंदूपर्यंत आणि तिथून नाडीपर्यंत. जादा लांबी छातीच्या वर आहे की खाली, हे त्यावरून समजते आणि पुढे त्याचा उपयोग होतो.

आता ही सतरा इंचांची पाठ असलेली बाई तयार ड्रेस विकत घेते असे धरू. ड्रेसची कमरेची शिवण मानेपासून पंधरा इंचांवर आहे. म्हणजे ती तिच्या कमरेच्या दोन इंच वर, बरगड्यांवर येणार. वर सांगितल्याप्रमाणे रेघ वर गेलेली बरी, मग बिघडते कुठे? बिघडते ते कापडाच्या आकारात. ड्रेसचा सर्वांत अरुंद भाग बरगड्यांच्या रुंद जागी अडकतो आणि खऱ्या कमरेपाशी कापड फुगते. पाठीवर शिवणीच्या वर आडव्या सुरकुत्या पडतात, हात उचलला की मुंढ्यात ओढ बसते, शिवण आणखी वर सरकते आणि खाली ओढत राहावे लागते. आरशासमोर दोनदा हात वर-खाली केले की हे दिसते. अशा वेळी एक साइज मोठी घेतल्याने प्रश्न सुटत नाही. घेर वाढतो आणि शिवणीची जागा जेमतेम अर्धा इंच खाली येते. त्याऐवजी उंच बांध्यासाठी बनवलेली साइज मिळाली तर तिचे वरचे अंग लांब असते. खालची लांबी मात्र कापून घ्यावी लागते.

उंच कंबर मुद्दाम घडवलेली असेल तेव्हाच ती शोभते आणि त्यासाठी दोन जागा भरवशाच्या आहेत. पहिली, खऱ्या कमरेच्या एक ते दीड इंच वर. इथे ड्रेस शिवून घेताना शिवणीच्या जागचा घेर त्याच उंचीवर मोजून द्यायचा, कमरेचा घेर द्यायचा नाही. शिंप्याकडे माप देताना ‘कंबर इतकी’ एवढेच सांगणे पुरत नाही. मानेपासून किंवा खांद्यापासून शिवण किती इंचांवर हवी, हेही वहीत लिहून घ्यायला सांगावे. नाहीतर तो अनुभवाने ठरलेल्या जागी खूण करतो आणि ती जागा सरासरी बांध्याची असते.

दुसरी जागा छातीच्या लगेच खाली. नेपोलियनच्या साम्राज्याच्या काळात, 1804 नंतरच्या दशकात, फ्रान्समध्ये ही ठेवण लोकप्रिय होती म्हणून ती आजही एम्पायर लाइन म्हणून ओळखली जाते. आपल्याकडच्या बऱ्याच अनारकलींची घडण अशीच असते : वर छोटा योक आणि तिथून सुटलेला घेर. लांब धडासाठी ही सर्वांत प्रभावी रेघ आहे, कारण धडाचा बहुतांश भाग खालच्या घेरात मिसळून जातो. पण शिवण छातीच्या पूर्ण खाली, बरगड्यांना टेकून बसायला हवी. ज्यांची जादा लांबी खांदा ते छाती यांदरम्यान आहे त्यांना तयार अनारकलीची ही शिवण छातीवरच चढते आणि ते फार वाईट दिसते. शिवणीखाली दाट चुण्या घातल्या तर पोट पुढे आल्यासारखे वाटते. त्यापेक्षा कळ्यांचा घेर किंवा समोरचा भाग सपाट ठेवून बाजूंना थोड्या चुण्या बऱ्या. भरदार छाती असलेल्या बाईने पहिली जागा निवडावी. तिच्या अंगावर एम्पायर लाइनचे कापड छातीच्या टोकावरून सरळ खाली लोंबते आणि अंगाचा आकार हरवतो.

याच्या उलट, 1920 च्या दशकात गाजलेली नितंबांवर उतरलेली कंबर या बांध्याला सर्वांत मारक. तिने धड आणखी चार-पाच इंच लांब होते. कमी उंचीचा पट्टा असलेल्या जीन्सचेही तसेच. जीन्स घेताना ‘हाय-वेस्ट’ या लेबलवर विसंबू नये. पुढच्या बाजूला दोन्ही पायांच्या शिवणी मिळतात तिथपासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावावी. दहा इंचांचे माप आखूड धडाच्या मुलीला कमरेपर्यंत पोचते, लांब धडाच्या मुलीला ते बेंबीखालीच थांबते. तिला अकरा, क्वचित बारा इंच लागतात.

पँट किंवा स्कर्ट कमरेपर्यंत पोचला की टॉपचे काम सोपे होते. टॉप आत खोचावा, किंवा पट्ट्यावर जेमतेम टेकेल इतकाच आखूड असावा. पोट झाकायचे असेल तर फक्त समोरचा थोडा भाग खोचून बाजू आणि मागचा भाग मोकळा सोडता येतो. रेघ समोरून दिसली तरी पुरे. मांड्या सुरू होतात त्या पातळीवर संपणारा टॉप टाळावा. पोट आणि नितंब झाकण्यासाठी नेमकी हीच लांबी सर्वांत जास्त घेतली जाते आणि त्यातून पायांचा वरचा चौथा हिस्सा धडात जमा होतो. झाकायचेच असेल तर गुडघ्यापर्यंतची कुर्ती चांगली, कारण तिच्यात कंबर कुठे आहे हे पुन्हा आपल्या हातात राहते : उंचावर दिलेले फिटिंग, छातीखालचा योक, किंवा वर गडद आणि खाली सलग रंग.

कुर्तीत बाजूच्या कटांकडे मात्र लक्ष द्यावे लागते. तयार कुर्तीचे सगळेच टप्पे लांब धडावर वर सरकतात. कमरेचे फिटिंग बरगड्यांवर येते आणि कट नितंबाऐवजी कमरेपाशी सुरू होतो, त्यामुळे चालताना सलवारीचा नेफा दिसतो. कट दीड-दोन इंच शिवून बंद करणे हे कोणत्याही शिंप्याचे पाच मिनिटांचे काम आहे. फिटिंग खाली घेणे तितके सोपे नाही. त्यासाठी बाजूच्या शिवणीत माया असावी लागते आणि तयार कपड्यांत ती फारशी सोडलेली नसते. आडवी शिवण असलेला ड्रेस असेल तर एक चांगला उपाय आहे : शिवण उसवून वरचे अंग आणि घेर यांच्यामध्ये दीड-दोन इंचांची पट्टी बसवायची. पट्टी घेराच्या रंगाची घ्यावी, म्हणजे ती पायांकडे जमा होते. वरच्या अंगाच्या रंगाची घेतली तर आपण स्वतःच धड वाढवले असे होते.

बेल्टलाही हाच नियम. लांब धडाला दोन-अडीच इंच रुंद बेल्ट सहज पेलतो, पण तो खालच्या कपड्याच्या रंगाचा हवा. वर पांढरा शर्ट, खाली काळी पँट आणि काळा बेल्ट, असे असले की काळा भाग बेल्टच्या वरच्या कडेपासून सुरू होतो. चप्पल-बूटही पँटच्या किंवा पायाच्या रंगाच्या जवळचे असले तर खालची रेघ तुटत नाही. घोट्याला आडवा पट्टा असलेली सँडल ती तोडते.

साडीत हे सगळे परकराच्या नाडीवर ठरते. निऱ्या जिथून सुटतात तिथून पाय सुरू झाल्यासारखे दिसतात, म्हणून नाडी बेंबीवर किंवा तिच्या किंचित वर बांधावी. बेंबीखाली साडी नेसून वर तेरा इंचांचा ब्लाउज घातला, तर लांब धडावर उघड्या पोटाचा रुंद पट्टा उरतो आणि धडाची लांबी मोजून दाखवल्यासारखी होते. ब्लाउज इंच-दीड इंचाने वाढवून घेतला की तो पट्टा आवरतो. काठाचाही विचार करावा. विरुद्ध रंगाचा सहा-सात इंचांचा काठ पायांचा खालचा भाग वेगळा कापून काढतो. अशा पैठणीला किंवा इरकलीला पर्याय म्हणजे अरुंद काठाची साडी, किंवा काठ रुंद असला तरी अंगाच्या रंगाशी मिळताजुळता असलेली. लग्नाकार्यात रुंद काठाची पैठणीच नेसायची असेल तर नाडी उंच ठेवून आणि पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर लावून काठाचा परिणाम बराच कमी करता येतो. पदराचे उभे पट्टे नजर वर-खाली नेतात.

या सगळ्याला मर्यादा आहे. दोन-अडीच इंचांपर्यंत सरकवलेली कंबर पाहणाऱ्याला खरी वाटते. त्याहून वर नेलेली पँट बसताना बरगड्यांना टोचते आणि वरचे अंग चेपल्यासारखे दिसते. एम्पायर लाइनला हा हिशेब लागू होत नाही, कारण तिथे पट्टा नसतो आणि खालचे कापड सैल असते. कोणती जागा आपल्याला शोभते हे खरेदीआधी घरीच पाहता येते. साधा, एकरंगी, सैल कुर्ता घालून त्यावर रुंद फीत आधी छातीखाली, मग कमरेच्या दीड इंच वर, मग कमरेवर बांधायची आणि प्रत्येक वेळी फोटो काढायला सांगायचे. फोन कमरेच्या उंचीवर आणि सरळ धरलेला हवा, आठ-दहा फुटांवरून. डोक्याच्या पातळीवरून खाली वळवून काढलेल्या फोटोत सगळ्यांचेच पाय आखूड येतात आणि तुलना फसते. तीन फोटोंतून जी जागा ठरेल तिचे खांद्यापासूनचे माप लिहून ठेवावे आणि पुढचा ड्रेस पाहताना आधी टेप तिथे लावावी.