गर्भाशयातला पू आणि विम्याचा दावा

कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला की गर्भाशय व बीजकोश तातडीने काढावे लागतात. हा आजार बहुधा माज संपल्यावर काही आठवड्यांत उद्भवतो. अडचण अशी, की हीच शस्त्रक्रिया निरोगी कुत्रीवर केली तर ती नसबंदी ठरते आणि नसबंदीचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. बिलावर नुसते ‘नसबंदी’ लिहिले असेल, तर रास्त दावाही फेटाळला जाऊ शकतो.

म्हणून उपचार-सारांशात निदान स्पष्ट हवे: लक्षणे कधी सुरू झाली, सोनोग्राफीत काय दिसले, पांढऱ्या पेशी किती वाढल्या, शस्त्रक्रिया का टाळता आली नाही. लक्षणांची तारीख फार महत्त्वाची. ती प्रतीक्षा-काळातली निघाली तर दावा अडतो.

बिलात तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, औषधे वेगवेगळी दाखवावीत. समजा, बिल 30,000 रुपयांचे आहे आणि त्यात 2,000 रुपये खाद्य व गळपट्ट्याचे आहेत. ते वगळून 28,000 उरतात. मालकाचा वाटा 20 टक्के असल्यास 5,600 वजा होऊन 22,400 रुपये हाती येतात. एकरकमी बिलात ही विभागणी करताच येत नाही, आणि विमा कंपनी कागद परत पाठवते.