परदेशी उपचार आणि व्हिसा : इथल्या डॉक्टरांच्या पत्रात काय असावे?

आपल्या वस्त्यांतून कुणी उपचारासाठी परदेशी जाते, हे ऐकून पूर्वी लोक हसले असते. आता तसे राहिलेले नाही. कुणाचा भाऊ तिकडे नोकरीला असतो, कुणाच्या लेकराचा खर्च एखादा ट्रस्ट उचलतो, काही वेळा तिकडचे धर्मादाय रुग्णालयच विनामूल्य शस्त्रक्रिया करायला तयार होते. मग बारामती-इंदापूरकडची माणसे फाइल घेऊन विचारतात, "ताई, व्हिसासाठी डॉक्टरांचं पत्र मागितलंय, ते कसं असतं?"

बरेचदा हातात आलेले पत्र तीन ओळींचे असते : रुग्णाला अमुक आजार आहे, परदेशात उपचाराची गरज आहे, व्हिसा द्यावा ही विनंती. अशा पत्राचा फारसा उपयोग होत नाही. व्हिसा द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतो, आणि तो डॉक्टर नसतो. पत्र वाचून त्याला पाच गोष्टी कळायला हव्यात : आजार काय, उपचार तिकडेच का, किती दिवस, खर्च कोण करणार, आणि रुग्ण परत कधी येणार. या लेखात आपण फक्त अमेरिकेच्या व्हिसाचा विचार करू. उपचारासाठी जाणाऱ्याला तिकडचा 'बी-2' व्हिसा लागतो आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते.

पत्रे दोन लागतात

पहिले पत्र इथल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे. त्यात आजाराचे निदान आणि अमेरिकेत उपचार का हवा याचे कारण असते. दुसरे पत्र तिकडच्या डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे. हा आजार आम्ही बरा करायला घेत आहोत, एवढे दिवस लागतील आणि डॉक्टरांची फी, रुग्णालय व इतर वैद्यकीय बाबी धरून एवढा खर्च येईल, असे त्यात लिहिलेले असते. यांच्या जोडीला प्रवास, राहणे आणि उपचार यांचे पैसे कुठून येणार याचे कागद लागतात. आधी तिकडचे पत्र मागवावे आणि ते समोर ठेवून इथले पत्र लिहून घ्यावे. उलट केले की दोन पत्रांत फरक पडतो.

एक खुलासा इथेच करते. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतल्या उपचारापुरती आहे. परदेशातल्या खर्चाला ती लागू होत नाही. पैशाच्या कागदात तिचे कार्ड लावून काही साधत नाही.

एक उदाहरण

समजा, इंदापूर तालुक्यातली सात वर्षांची एक मुलगी आहे. मुलगी कल्पनेतली आहे, अडचणी मात्र खऱ्या आहेत. जन्मतःच तिच्या डाव्या मांडीचे हाड पुरते वाढलेले नाही आणि तो पाय उजव्यापेक्षा 8 सेंटीमीटर आखूड आहे. पाचव्या वर्षी पुण्यात हाड लांबवण्याची शस्त्रक्रिया झाली. बाहेरून पायाला रिंगांचा साचा बसवला आणि हाड हळूहळू ताणत नेले. 2 सेंटीमीटर वाढल्यावर गुडघा जागेवरून सरकू लागला, म्हणून काम थांबवावे लागले. या आजारात गुडघ्याच्या आतले बंध बरेचदा कमकुवत असतात किंवा नसतातच, त्यामुळे हा धोका नेहमीचा आहे. आता अमेरिकेतले एक बाल-अस्थिरोग रुग्णालय आधी गुडघा बांधून मग हाड 5 सेंटीमीटर वाढवायला तयार आहे.

अशा मुलीच्या पत्रात "हा उपचार भारतात होत नाही" असे लिहून देण्याची घाई होते. ते खोटे ठरते, कारण हाड लांबवण्याच्या शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होतात. अधिकाऱ्याने "मग पुण्यात काय केलं होतं?" एवढे विचारले तरी आईबापांची बोबडी वळते. खरे कारणच जास्त बळकट आहे, ते असे लिहावे :

"या मुलीवर आम्ही दोन वर्षांपूर्वी हाड लांबवण्याची शस्त्रक्रिया केली. 2 सेंटीमीटरनंतर गुडघा सरकू लागल्याने ती थांबवली. आता गुडघ्याचे बंध नव्याने तयार करणे आणि साचा गुडघ्याच्या खालपर्यंत नेऊन हाड लांबवणे, ही दोन्ही कामे एकत्र करावी लागतील. अशा रुग्णांचा मोठा अनुभव असलेल्या पथकाकडे तिला पाठवण्याचा माझा सल्ला आहे. सोबतच्या पत्रातील रुग्णालयाने तिला स्वीकारले आहे."

यात विनवणी नाही. काय केले, कुठे अडले आणि पुढे काय हवे, एवढेच आहे. "उपचार न झाल्यास जीव जाईल" असेही लिहू नये. हा ठरवून करायचा उपचार आहे. वाट पाहिली तर जीव जाणार नाही, पण वाढत्या वयात दोन पायांतला फरक वाढत जाईल. तेच लिहावे.

दिवसांचा हिशेब

दोन पत्रांत सर्वात जास्त फरक पडतो तो मुक्कामाच्या दिवसांत. इथले डॉक्टर घाईत "दोन महिने" लिहितात, तिकडचे पत्र "चार महिने" म्हणते, आणि अधिकाऱ्याला वाटते यातले एक पत्र नुसते मागून आणलेले आहे. म्हणून दिवस कसे ठरतात ते आईबापांनाही कळले पाहिजे.

हाड दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढवतात. त्याहून घाई केली तर नवे हाड नीट भरत नाही, नसा आणि स्नायू ताणले जातात. 5 सेंटीमीटर म्हणजे 50 मिलिमीटर, म्हणजे 50 दिवस. शस्त्रक्रियेनंतर ताणायला सुरुवात करण्यापूर्वी साधारण आठवडा थांबतात. म्हणजे सुमारे दोन महिने तर फक्त लांबी वाढवण्यात जातात, आणि त्या काळात वरचेवर एक्स-रे व जवळजवळ रोज व्यायाम असतो. त्याआधी तपासण्यांचे दोन आठवडे, आणि लांबी पुरी झाल्यावर हाड भरतेय का, गुडघा वाकतोय का हे पाहायला आणखी महिना-सव्वा महिना. असे चार महिने होतात. नवे हाड पक्के व्हायला त्यानंतरही काही महिने लागतात, पण तो काळ साचा पायात ठेवून घरी काढता येतो, तिकडच्या डॉक्टरांनी तसे मान्य केले असेल तर.

हा हिशेब दोन ओळींत पत्रात आला की चार महिने कुठून आले ते वाचणाऱ्याला दिसते. सोबत "गुंतागुंत झाल्यास आणखी एक महिना" असेही दोन्ही पत्रांत असावे. व्हिसावर छापलेली मुदत आणि तिकडे राहण्याची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत. किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात. जास्त लागले तर ती मुदत संपण्यापूर्वी तिथेच `I-539` हा अर्ज भरावा लागतो.

सोबत कोण, आणि परत कधी

सोबत आई जाणार असेल तर "लहान मूल आहे म्हणून" एवढे कारण पुरत नाही. साच्याचा स्क्रू दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवायचा असतो, पिनांच्या जागा रोज स्वच्छ करायच्या असतात, पू किंवा लाली दिसली तर लगेच कळवायचे असते. हे काम आई करणार आणि तिला ते इथे शिकवलेले आहे, असे डॉक्टरांनी लिहावे. वडील गावी थांबून कामावर राहणार असतील, दुसरे मूल इथल्या शाळेत असेल, तर त्याचे कागद कुटुंबाने लावावेत. ते डॉक्टरांच्या पत्राचे काम नाही.

अमेरिकेचा व्हिसा बरेचदा नाकारला जातो तो कायद्याच्या 214(बी) या कलमाखाली, म्हणजे हा माणूस परत येईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही म्हणून. डॉक्टर रुग्णाच्या परतीची हमी देऊ शकत नाहीत, आणि तसे त्यांच्याकडून लिहून घेऊही नये. पण पुढचा उपचार इथे ठरलेला आहे हे ते लिहू शकतात : "परतल्यावर दर महिन्याला माझ्याकडे एक्स-रे होईल. हाड पक्के झाल्यावर साचा मी पुण्यात काढणार आहे." परत येण्याचे वैद्यकीय कारण या दोन ओळींत मिळते. तरीही नकार येऊ शकतो. मग 185 डॉलरची अर्जाची फी परत मिळत नाही, हे वर्गणी गोळा करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

नावाची गोष्ट

पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, तारखेसह, सही-शिक्क्याचे असावे. डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि फोन त्यावर हवा. रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवरून पाहून लिहावा, केस पेपरवरून नाही. केस पेपरवर घरचे लाडाचे नाव असते, आईचे माहेरचे आडनाव असते. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते : आडनाव बदललेले असते. आजोबांच्या कागदावर जुने, वडिलांच्या आधारवर नवे, आणि मुलीच्या पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवर तिसरेच. नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद असेल तर तिची प्रत लावावी. जुन्या तपासण्यांवर वेगळे नाव असेल तर "ही दोन्ही नावे याच रुग्णाची आहेत" असे एक वाक्य डॉक्टरांकडून पत्रातच घ्यावे.

पैशाचे आकडेही असेच जुळवावेत. तिकडचे रुग्णालय शस्त्रक्रिया विनामूल्य करणार असेल तर ते त्यांच्याच पत्रात स्पष्ट हवे. मग उरतो विमानाचा आणि चार महिने राहण्या-खाण्याचा खर्च. तो ट्रस्ट देणार असेल तर ट्रस्टच्या पत्रात नेमकी रक्कम हवी. "सर्व सहकार्य करू" याला व्हिसाच्या खिडकीवर किंमत नाही.

खासदारांचे पत्र आणले तर?

फेब्रुवारी 2025 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला अमेरिकेत अपघातात सापडलेल्या मुलीकडे जायचे होते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी परराष्ट्र मंत्र्यांना विनंती केली, मुलाखत लवकर मिळाली आणि व्हिसाही मिळाला. तेव्हापासून अनेकांना वाटते की लोकप्रतिनिधीचे पत्र आणले की झाले. पण तो प्रसंग तातडीचा होता, आणि अडचण मुलाखतीच्या तारखेची होती. ठरवून करायच्या उपचारात तारीख लवकर मिळायला अशी विनंती उपयोगी पडू शकते. खिडकीसमोर उभे राहिल्यावर मात्र प्रश्न आजाराचे, दिवसांचे आणि पैशाचे येतात.

म्हणून मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात दोन्ही पत्रे आणि भरलेला `DS-160` अर्ज शेजारी ठेवा. वाचता येणाऱ्या एखाद्या पोराला बसवून पाच गोष्टी तिन्हीकडून एका कागदावर लिहून घ्या : नाव, आजार, रुग्णालय, मुक्कामाचे दिवस, खर्चाची रक्कम. पत्रांतला फरक डॉक्टरांकडून दुरुस्त करून नवीन सही-शिक्का घ्यावा, पेनने खाडाखोड करू नये. अर्जातला फरक असेल तर तो नव्याने भरावा, मुलाखतीच्या नोंदणीत नव्या अर्जाचा क्रमांक आधीच बदलून घ्यावा आणि नवीन पानाची प्रत सोबत न्यावी.