व्ह्यूज मोजायचे की आसाऱ्या?

संक्रांतीला दोन महिने आहेत. ओझरमधल्या एका छोट्या संस्थेला नायलॉन मांजाविरुद्ध व्हिडिओ करायचाय आणि ते काम तुमच्याकडे आलंय, असं समजा. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, टार्गेट किती? कुणीतरी म्हणतं, एक लाख व्ह्यूज. झालं, फळ्यावर लिहूनही टाकतात.

पण इन्स्टाग्रामवर एकाच मुलाने रील तीनदा पाहिली की व्ह्यूज तीन होतात. आणि बघणारे कुठले? इनसाइट्समध्ये गावांची यादी दिसते, ती उघडून बघा. वर पुणे-मुंबई असेल आणि ओझर दिसतच नसेल, तर आकडा मोठा असूनही आपल्या कामाचा नाही.

मोजण्याच्या बाबतीत ओझरला शिकवायची गरज नाही खरं तर. इथल्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने वाघाड धरणावर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि तिथे पाणी घनमापनाने, म्हणजे प्रत्यक्ष किती आलं ते मोजून घेतलं जातं. व्हिडिओलाही तेच लावा.

आधी तीन शाळांमध्ये आठवी-नववीच्या मुलांना बिननावाची चिठ्ठी द्या: घरी नायलॉनची आसारी आहे का? हात वर करायला सांगू नका. २०१७ पासून या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, सरांसमोर खरं कोण सांगेल? समजा १५० जणांनी 'हो' लिहिलं. मग एकाच वर्गात व्हिडिओ दाखवून आठवडाभर थांबा. तिथे दहा जणांकडे आसारी होती आणि चौघांनी आणून दिली, तर प्रमाण ४० टक्के. त्या हिशेबाने तीन शाळांत ६० आसाऱ्या यायला हव्यात. पण पहिल्या वर्गात तुम्ही स्वतः उभे होता, सगळीकडे तसं होणार नाही. म्हणून लिहा: १० जानेवारीपर्यंत ४५. रिकामी आसारी धरायची नाही, मुलं हुशार असतात!

पैसे देऊन व्हिडिओ पसरवणार असाल तर जाहिरातीत फक्त ओझरचा परिसर निवडा आणि थ्रूप्ले बघा. त्यात १५ सेकंद किंवा त्याहून छोटा व्हिडिओ पूर्ण पाहिलेलेच मोजले जातात. त्यामुळे आसारी कुठे जमा करायची हे पहिल्या १५ सेकंदांतच सांगा.

'जखमी कमी झाले' हे मात्र उद्दिष्ट म्हणून लिहू नका. एका गावात एका हंगामात हा आकडा इतका लहान असतो की वारा पडला तरी तो बदलतो.

एक चिठ्ठी जानेवारीच्या शेवटी पुन्हा वाटा: यंदा पतंग कशावर उडवला? आसारी देऊन टाकून नवीन नायलॉन आणणारे किती, ते तिथेच कळेल.