नफ्यातला विभाग, तोट्यातले भांडवल

म्हापसा किंवा मडगावच्या कापड दुकानात टांगलेली कृत्रिम धाग्याची साडी बहुधा सुरतेहून आलेली असते. सुरतेच्या रिंग रोडवरील घाऊक बाजारातून ती देशभर जाते आणि पुष्कळदा उधारीवर जाते. माल आज निघतो, पैसे काही महिन्यांनी येतात. मधल्या काळात त्या साडीत कोणाचे तरी भांडवल अडकलेले असते. या अडकलेल्या भांडवलाची किंमत नफ्याच्या आकड्यात पुरती उमटत नाही. ती मोजण्याची रीत म्हणजे आर्थिक मूल्यवर्धन. उद्योगजगतात ते ‘ईव्हीए’ या नावाने ओळखले जाते.

हिशेबी नफा काढताना माल, मजुरी, वीज, घसारा, कर्जाचे व्याज आणि कर वजा होतात. मालकाने स्वतः घातलेल्या भांडवलावर मात्र कोणताही खर्च धरला जात नाही, जणू ते फुकटच मिळाले. विभागाच्या पातळीवर हा दोष आणखी वाढतो. कर्ज बहुधा संपूर्ण कंपनीच्या नावे असते आणि त्याचे व्याज मुख्य कार्यालयाच्या खात्यात पडते. त्यामुळे विभागाच्या नफ्यावर ना कर्जाचा भार दिसतो, ना मालकाच्या पैशाचा. विभागप्रमुखाच्या दृष्टीने भांडवल ही विनामूल्य वस्तू ठरते आणि विनामूल्य वस्तू जपून वापरण्याचे कारण उरत नाही.

दोन विभागांचा हिशेब

उदाहरणादाखल सुरतेतील एक कंपनी कल्पू. तिचे दोन विभाग आहेत. पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील पहिला विभाग इतरांचे कोरे कापड मजुरीवर रंगवून व छापून देतो. रिंग रोडवरील दुसरा विभाग विणकरांकडून कोरे कापड घेतो, ते तयार करवून साड्या विकतो. करानंतरचा, परंतु व्याज वजा करण्यापूर्वीचा नफा रंगाई विभागाचा २ कोटी ४० लाख रुपये आहे, तर विक्री विभागाचा ३ कोटी ९० लाख. वार्षिक बैठकीत कौतुक अर्थातच विक्री विभागाचे होईल.

आता दोघांकडचे भांडवल पाहू. रंगाई विभागात इमारत, यंत्रे, रंग-रसायनांचा साठा आणि थोडी येणी मिळून १५ कोटी रुपये आहेत. विक्री विभागाची वर्षाची विक्री ७३ कोटींची, म्हणजे दिवसाला २० लाखांची आहे. सरासरी उधारी १५० दिवसांची असल्याने येणेच ३० कोटींवर जाते. साठा १२ कोटींचा, दुकान व गोदाम ४ कोटींचे. विणकरांनी दिलेली १० कोटींची बिनव्याजी उधारी यातून वजा करावी लागते, कारण ते पैसे कंपनीचे नव्हेत. उरते ३६ कोटींचे भांडवल.

त्या भांडवलाचा दर ठरवताना कर्ज आणि मालकाचा पैसा दोन्ही धरावे लागतात. कंपनीचे ४० टक्के भांडवल १० टक्के व्याजाच्या कर्जाचे आहे. व्याजावर करसवलत मिळत असल्याने २५ टक्के कराच्या हिशेबाने ते साडेसात टक्क्यांना पडते. उरलेले ६० टक्के मालकांचे आहे आणि तेवढीच जोखीम घेऊन हा पैसा इतरत्र गुंतवला असता, तर त्यांनी १५ टक्क्यांची अपेक्षा केली असती, असे मानू. पहिल्या वाट्यातून ३ आणि दुसऱ्यातून ९, असा सरासरी दर १२ टक्के येतो.

रंगाई विभागाच्या १५ कोटींवर हा भार १ कोटी ८० लाखांचा होतो. तो नफ्यातून वजा केला की ६० लाख उरतात. विक्री विभागाच्या ३६ कोटींवरील भार ४ कोटी ३२ लाखांचा होतो, म्हणजे त्याच्या नफ्याहून ४२ लाखांनी अधिक. दीडपटीहून जास्त नफा दाखवणारा विभाग प्रत्यक्षात मालकांची संपत्ती घटवत आहे.

उलट दिशेने चालणारी दोन मापे

विक्री विभागाने लवकर पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलत देऊ केली, असे समजा. सवलतीपोटी वर्षाला ४० लाख गेले, तर करानंतरचा नफा ३० लाखांनी घटून ३ कोटी ६० लाखांवर येईल. पण उधारी १२० दिवसांवर आली, तर ६ कोटी मोकळे होतील. भांडवल ३० कोटी आणि भार ३ कोटी ६० लाख होईल. उणे ४२ लाखांवरून मूल्यवर्धन शून्यावर येईल. नफ्यावर बक्षीस ठरत असेल, तर कोणताही विभागप्रमुख ही सवलत देणार नाही. मूल्यवर्धनावर ठरत असेल, तर तो उद्याच देईल.

देण्यांच्या बाजूनेही हेच घडते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर त्या वर्षी तो खर्च करासाठी वजा मिळत नाही, अशी तरतूद आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये झाली आणि २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून लागू झाली. सुरतेच्या कापड बाजारात तिची मोठी चर्चा झाली. आपल्या उदाहरणात विणकरांची उधारी १० कोटींवरून ६ कोटींवर आली, तर नफ्याचा आकडा हलणार नाही. भांडवलाचा भार मात्र ४८ लाखांनी वाढेल. बाजारातली ही अस्वस्थता नफा-तोटा पत्रकात शोधून सापडत नाही, ती इथे दिसते.

मापाच्या मर्यादा

भांडवलाचा मोबदला मिळाल्याशिवाय खरा नफा नाही, हा विचार अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच मांडला होता. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५० च्या दशकात आपल्या विभागांसाठी तसे माप वापरले आणि पुढे स्टर्न स्ट्युअर्ट या सल्लागार संस्थेने त्याला ईव्हीए हे नाव देऊन प्रसार केला.

तरीही हे माप फसवू शकते. रंगाई विभागाने काहीच केले नाही, तरी घसाऱ्यामुळे यंत्रांची पुस्तकी किंमत दरवर्षी घटते. भांडवल कमी दिसते आणि मूल्यवर्धन आपोआप वाढते. नवे यंत्र घेतले, की पहिली काही वर्षे ते एकदम कोसळते. म्हणून निवृत्तीला आलेला विभागप्रमुख जुन्या यंत्रांवरच दिवस काढण्याचा संभव असतो. एकाच वर्षाचा आकडा पाहून बक्षीस देणाऱ्या कंपनीत ही खोड हमखास दिसते. यावर उपाय म्हणजे बक्षीस तीन-चार वर्षांच्या वाढीशी जोडणे आणि आकड्याशेजारी यंत्रांचे वय लिहिणे.

दुसरी मर्यादा दराची आहे. मजुरीवर चालणाऱ्या रंगाईची जोखीम आणि उधारीवरच्या विक्रीची जोखीम सारखी नसते. पैसे बुडण्याचा धोका पाहून विक्री विभागाला १२ ऐवजी १४ टक्के दर लावला, तर मूळ तूट ४२ लाखांवरून १ कोटी १४ लाखांवर जाते. दर किती धरावा, हा शेवटी अंदाजाचाच भाग असतो. त्यामुळे तो वर्षारंभी ठरवून जाहीर करावा आणि निकाल पाहून बदलू नये.

एवढी काळजी घेतली, तर विभागाचा आकडा वाचताना किती कमावले याबरोबरच किती पैसा किती दिवस अडकवून कमावले, हेही कळते. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात, मग तो सुरतेचा असो वा म्हापशाचा, टिकणारा व्यापारी आणि बुडणारा व्यापारी यांतला फरक पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नातच असतो.